विश्लेषण: पाच मोजण्यांत पंपाचा सगळ्यात स्वस्त वेग कसा सापडतो? ‘गोल्डन सेक्शन सर्च’ची गोष्ट

भीमा नदी काही अंतर शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या सीमेवरून वाहते. नदीच्या दोन्ही काठांवर ऊस आहे, कांदा आहे आणि नदीतून पाणी उचलून आत शेतापर्यंत नेणाऱ्या पाइपलाइनही आहेत. अशा उपशाचा सगळ्यात मोठा चालू खर्च विजेचा. ‘मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना २०२४’ साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी आहे. पाच-सात जणांनी मिळून बसवलेला १५ एचपीचा पंप त्या मर्यादेच्या बाहेर जातो, आणि त्याचं बिल भरावंच लागतं.

अशा पंपाला व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह जोडला, तर एक साधा प्रश्न उभा राहतो: पंप कोणत्या वेगाने चालवला तर एक लाख लिटर पाण्यामागे सगळ्यात कमी युनिट जळतील? उत्तर पंपावर छापलेलं नसतं. ते पंपाइतकंच पाइपलाइनच्या लांबीवर आणि चढावावर अवलंबून असतं. म्हणजे ते मोजूनच काढावं लागतं, आणि प्रत्येक मोजणीला वेळ लागतो.

कमीत कमी मोजण्यांत हे उत्तर गाठण्याची एक पद्धत गणितात आहे. तिचं नाव ‘गोल्डन सेक्शन सर्च’, मराठीत म्हणायचं तर ‘सुवर्ण विभाजन शोध’. ती नेमकी कशी चालते, तिची बचत कुठून येते आणि शेतावर ती कुठे फसू शकते, हे एका उदाहरणातून पाहू.

वेग कमी केला की वीज वाचतेच, असं का नाही?

उदाहरणासाठी एक उपसा धरू. नदीकाठच्या जॅकवेलपासून शेततळं दोन किलोमीटर लांब आणि २० मीटर उंचावर आहे. मध्ये १६० मिलिमीटरची पीव्हीसी पाइपलाइन आहे. व्हीएफडी ५० हर्ट्झवर असताना, म्हणजे मोटार पूर्ण वेगाने फिरत असताना, सेकंदाला २० लिटर पाणी तळ्यात पडतं. हे उदाहरण कल्पित आहे, पण पुढचे सगळे आकडे पंप आणि पाइपच्या नेहमीच्या सूत्रांनी काढलेले आहेत.

पूर्ण वेगात पाणी पाइपमधून जोरात धावतं आणि पाइपच्या आतल्या घर्षणाशी झगडतं. हे घर्षण प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या पटीत वाढतं: प्रवाह दुप्पट झाला की घर्षण जवळपास चौपट. आपल्या उदाहरणात ५० हर्ट्झवर घर्षणामुळे जणू आणखी साडेदहा मीटर उंची चढावी लागते. वीज खर्च होते ३० मीटर चढवण्याची, पाणी प्रत्यक्षात चढतं २० मीटर.

मग वेग कमी करत जावं का? तिथे दुसरी अडचण येते. वेग उतरला की पंपाचा दाबही उतरतो. या उपशात साधारण साडेचौतीस हर्ट्झला पंपाचा सगळा दाब २० मीटर पाण्याचा स्तंभ नुसता तोलून धरण्यात जातो. मोटार फिरते, मीटर फिरतो, पण तळ्यात थेंब पडत नाही. त्याच्या जरा वर पाणी येतं, पण बारीक धारेनं. पंप आपल्या कार्यक्षम पट्ट्याच्या बाहेर असतो आणि लिटरमागचा खर्च जास्तच राहतो.

थोडक्यात, फार हळू चालवला तरी महाग आणि फार जोरात चालवला तरी महाग. आडव्या रेषेवर वेग आणि उभ्या रेषेवर लाख लिटरमागचे युनिट मांडले, तर वक्र दरीसारखा दिसतो. तो डावीकडून उतरत येतो, तळ गाठतो आणि उजवीकडे पुन्हा चढतो. आपल्याला हवा आहे तो दरीचा तळ.

मोजण्या मोजक्याच का?

एका वेगाची एक मोजणी म्हणजे काय, ते आधी पाहू. व्हीएफडीवर हर्ट्झ ठरवायचे, प्रवाह स्थिर होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग अर्धा तास पंप चालू ठेवून वॉटर मीटर आणि वीजमीटर दोन्हींची सुरुवातीची व शेवटची नोंद घ्यायची. म्हणजे एका मोजणीला सुमारे पाऊण तास. शेतीपंपांना दिवसाला साधारण आठ तास थ्री-फेज वीज मिळते, असं धरलं तर एका दिवसात फार तर दहा मोजण्या होतील.

३० ते ५० हर्ट्झ या पट्ट्यात समान अंतरावर मोजत गेलं, तर तळ तीन हर्ट्झच्या आत पकडायला १३ मोजण्या लागतात. वेळ पावणेदहा तास. दिवस पुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी नदीची पातळी आदल्या दिवसासारखी असेलच असं नाही.

दोन मोजण्यांवरून पट्टा कसा कापतात?

पट्ट्याच्या आत दोन ठिकाणी मोजायचं. समजा डाव्या ठिकाणचा खर्च उजव्या ठिकाणापेक्षा जास्त आला. दरीला तळ एकच असेल, तर डावीकडून उजवीकडे येताना आपण निदान काही अंतर उताराला लागलो आहोत. म्हणजे तळ डाव्या बिंदूच्याही डावीकडे असूच शकत नाही. तो तिथे असता, तर डाव्या बिंदूपासून पुढे फक्त चढ असता आणि उजवा बिंदू महाग निघाला असता. म्हणून डाव्या टोकापासून डाव्या बिंदूपर्यंतचा तुकडा कायमचा टाकून देता येतो. उजवा बिंदू महाग निघाला, तर याच तर्काने उजवीकडचा तुकडा जातो.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, आकडा किती आला याला महत्त्व नाही. दोघांत कमी कोण, एवढंच पाहायचं आहे. वक्राचं सूत्र माहीत असण्याचीही गरज नाही.

एकाच मध्यबिंदूवर मोजून पट्टा निम्मा का करत नाहीत, असा प्रश्न इथे पडू शकतो. कारण मधला एकच आकडा, तळ डावीकडे की उजवीकडे हे सांगत नाही. तुलनेला दुसरा बिंदू लागतोच.

जुना बिंदू पुन्हा वापरायचा, तर तो कुठे असायला हवा?

आता खरी युक्ती. तुकडा कापल्यावर उरलेल्या पट्ट्यात आधी मोजलेल्या दोन बिंदूंपैकी एक अजूनही आत असतो. त्याची मोजणी हातात आहे. तो बिंदू नव्या पट्ट्यासाठीही उपयोगाच्या जागी पडला, तर पुढच्या फेरीत दोनऐवजी एकच नवी मोजणी पुरेल.

पट्ट्याचे तीन समान भाग केले, तर हे जमत नाही. डावा तिसरा हिस्सा कापला की उरलेला बिंदू नव्या पट्ट्याच्या अगदी मध्यावर येतो. नव्या पट्ट्याचे पुन्हा तीन समान भाग करायचे, तर मध्यावरचा बिंदू कामाचा नाही. दर फेरीला दोन नव्या मोजण्या घ्याव्या लागतात.

म्हणून बिंदूंची जागा अशी हवी, की कापल्यानंतर उरलेला बिंदू आपोआप योग्य जागी येईल. पट्ट्याची लांबी १ धरा. एक बिंदू डाव्या टोकापासून r अंतरावर, आणि दुसरा त्याची आरशातली प्रतिमा, म्हणजे 1 − r अंतरावर. उजवा तुकडा कापला, तर नवा पट्टा r लांबीचा होतो आणि त्यात उरलेला बिंदू डाव्या टोकापासून 1 − r वर असतो. हा बिंदू नव्या पट्ट्याच्याही r पटीवर यायला हवा, म्हणजे r × r अंतरावर. यातून एकच अट मिळते:

r² = 1 − r

हे समीकरण सोडवलं की r = (√5 − 1) / 2, म्हणजे जवळपास ०.६१८. हाच सुवर्ण गुणोत्तराशी जोडलेला आकडा, आणि पद्धतीचं नावही त्यावरूनच पडलं. यात गूढ काही नाही. ‘जुना बिंदू वाया जाऊ नये’ एवढीच अट घातली की हा आकडा बाहेर पडतो.

पहिल्या फेरीत दोन मोजण्या, त्यानंतर प्रत्येक फेरीत एक, आणि दर फेरीला पट्टा आधीच्या ६१.८ टक्के. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॅक कीफर यांनी १९५३ मध्ये ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये अशा शोधाचं गणित मांडलं. एकूण किती मोजण्या करायच्या हे आधीच ठरलेलं असेल, तर फिबोनाची संख्यांच्या आधारे बिंदू निवडणं किंचित सरस ठरतं. पण ०.६१८ चा नियम कधीही थांबण्याची मोकळीक देतो, आणि दोन्हींतला फरक थोडाच असतो. शेतावर ही मोकळीक महत्त्वाची, कारण वीज कधी जाईल हे आधी ठरलेलं नसतं.

प्रत्यक्ष शोध: ३० ते ५० हर्ट्झ

आता आपल्या उपशावर ही पद्धत चालवू. पट्टा ३० ते ५०, लांबी २० हर्ट्झ. २० च्या ०.६१८ पट म्हणजे १२.३६. त्यामुळे पहिले दोन बिंदू ४२.३६ आणि ३७.६४. टोकांवर मोजायची गरज नसते. ते बरंच आहे, कारण ३० हर्ट्झवर पाणी न उचलता पंप फिरवत ठेवणं त्याच्या तब्येतीला चांगलं नाही.

मोजण्या एकामागून एक अशा येतात. खर्च एक लाख लिटरमागच्या युनिटमध्ये आहे.

- मोजणी १: ४२.३६ हर्ट्झ, ११.४६ युनिट
- मोजणी २: ३७.६४ हर्ट्झ, ११.६७ युनिट

डावा बिंदू महाग. म्हणून ३० ते ३७.६४ हा तुकडा गेला. नवा पट्टा ३७.६४ ते ५०. त्यात ४२.३६ आधीच मोजलेला आहे. त्याचा जोडीदार काढायची सोपी रीत अशी: दोन्ही टोकांची बेरीज करा आणि जुना बिंदू वजा करा. ३७.६४ + ५० − ४२.३६ = ४५.२८.

- मोजणी ३: ४५.२८ हर्ट्झ, १२.२८ युनिट

या वेळी उजवा बिंदू महाग. ४५.२८ ते ५० गेला. पट्टा ३७.६४ ते ४५.२८. जुना बिंदू पुन्हा ४२.३६ च. नवा बिंदू ३७.६४ + ४५.२८ − ४२.३६ = ४०.५६.

- मोजणी ४: ४०.५६ हर्ट्झ, ११.१९ युनिट

आता ४२.३६ महाग ठरला, त्याच्या उजवीकडचं सगळं गेलं. पट्टा ३७.६४ ते ४२.३६, जुना बिंदू ४०.५६, नवा बिंदू ३९.४४.

- मोजणी ५: ३९.४४ हर्ट्झ, ११.१७ युनिट

४०.५६ किंचित महाग. पट्टा ३७.६४ ते ४०.५६, म्हणजे तीन हर्ट्झपेक्षा कमी. एकूण पाच मोजण्या, पावणेचार तास. तीन समान भागांच्या पद्धतीला एवढ्याच अचूकतेसाठी दहा मोजण्या लागल्या असत्या. सूत्रांनी काढलेला खरा तळ ३९.९ हर्ट्झच्या आसपास आहे, आणि तो उरलेल्या पट्ट्यातच आहे.

४२.३६ हर्ट्झची एकच मोजणी तीन तुलनांमध्ये वापरली गेली, हेही इथे दिसतं. पद्धतीची बचत नेमकी याच पुनर्वापरात आहे. पुढे दिसेल की धोकाही तिथेच आहे.

थांबायचं कधी?

कागदावर हा शोध कितीही पुढे नेता येतो. शेतावर नेता येत नाही. शेवटच्या दोन मोजण्यांत फरक आहे ०.०२ युनिटचा. हा फरक खरा आहे की मोजमापातली हालचाल, हे कळायला एक मोजणी पुन्हा करून पाहावी लागते. समजा ४२.३६ हर्ट्झ पुन्हा मोजल्यावर ११.४६ ऐवजी ११.५२ आले. म्हणजे त्याच वेगावरही आकडा ०.०६ ने हलतो आहे. मग ०.०२ च्या फरकावरून कुठलाही तुकडा कापायचा अधिकार राहत नाही. तिथे थांबायचं.

असं होणं अपवाद नव्हे. दरीचा तळ जवळून पाहिला की सपाट असतो. तळाच्या आजूबाजूला वेग एक-दीड हर्ट्झने बदलला, तरी खर्च जेमतेम अर्धा-एक टक्का बदलतो. म्हणून तळाची जागा फार बारकाईने सापडत नाही. पण त्याच कारणाने ती बारकाईने सापडण्याची गरजही नसते. पंप ३९.४ वर चालवा की ४०.६ वर, बिलाला फरक पडत नाही.

वीजमीटर कसा वाचायचा, हेही आधीच ठरवावं लागतं. ३७.६४ हर्ट्झवर अर्ध्या तासात सुमारे १५ हजार लिटर पाणी येतं आणि पावणेदोन युनिट जळतात. मीटरवर एकच दशांश दिसत असेल, तर ०.१ युनिटची चूक म्हणजे पाच-सहा टक्के. पहिल्या दोन मोजण्यांतला फरक मात्र दोन टक्क्यांहूनही कमी होता. अशा वाचनावर सगळे निर्णय नाणेफेकीसारखे होतील. यावर उपाय असा: इलेक्ट्रॉनिक मीटरवर लुकलुकणारा दिवा असतो आणि जवळ imp/kWh असा आकडा छापलेला असतो. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो, ते हा आकडा सांगतो. अर्ध्या तासातल्या लुकलुकी मोजल्या, किंवा मोबाइलवर त्यांचं चित्रीकरण करून नंतर मोजल्या, की युनिटचा हजारावा भागही हाती येतो.

शोध चुकला, हे कसं ओळखायचं?

या पद्धतीत कापलेला तुकडा परत येत नाही. एक निर्णय चुकला आणि तळ कापलेल्या भागात गेला, की पुढच्या मोजण्या कितीही काटेकोर केल्या तरी उत्तर चुकीचंच निघतं. आणि चुकायला फार मोठं कारण लागत नाही.

समजा ४२.३६ ची मोजणी सकाळी सगळ्यात आधी झाली, तेव्हा जॅकवेल काठोकाठ होती. उपसा सुरू झाल्यावर पातळी मीटरभर खाली गेली आणि बाकीच्या सगळ्या मोजण्या खालच्या पातळीवर झाल्या. सकाळी पाणी २० ऐवजी १९ मीटरच चढवायचं होतं, म्हणून ४२.३६ चा आकडा ११.४६ ऐवजी ११.१४ आला.

पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच बिघडत नाही, कारण ११.१४ हा आकडा ११.६७ आणि १२.२८ पेक्षा कमीच आहे. तिसऱ्या फेरीत गडबड होते. ४०.५६ चा आकडा ११.१९. तो ११.१४ पेक्षा महाग दिसतो, म्हणून ३७.६४ ते ४०.५६ हा तुकडा कापला जातो. खरा तळ त्यातच होता.

शोध मात्र काहीच घडलं नसल्यासारखा पुढे चालतो. पट्टा ४०.५६ ते ४५.२८ उरतो. पुढचा बिंदू ४३.४८, खर्च ११.७३. त्यापुढचा ४१.६८, खर्च ११.३३. प्रत्येक वेळी सकाळचा ४२.३६ जिंकतो आणि शेवटी तोच विजेता ठरतो.

चूक ओळखायची असेल, तर टाकून दिलेल्या मोजण्यांसकट सगळे आकडे वेगाच्या क्रमाने एका ओळीत लिहायचे. ४०.५६ ला ११.१९, ४१.६८ ला ११.३३, ४२.३६ ला ११.१४, ४३.४८ ला ११.७३. खर्च चढला, मग उतरला, मग पुन्हा चढला. एकच तळ असलेल्या दरीत असं होऊ शकत नाही. म्हणजे एक तर कुठली तरी मोजणी खोटी आहे, किंवा दरीला दोन तळ आहेत. पहिला संशय नेहमी त्या बिंदूवर घ्यायचा, जो सगळ्यात जुना आहे आणि तरीही सारखा जिंकतो आहे. तो पुन्हा मोजायचा. इथे ४२.३६ पुन्हा मोजला, तर ११.४६ येईल आणि सगळा उलगडा होईल.

ही चूक टाळायला दोन गोष्टी पुरतात. पहिली, उपसा सुरू केल्यावर जॅकवेलमधली पातळी स्थिर झाल्याशिवाय पहिली मोजणी घ्यायची नाही, आणि प्रत्येक मोजणीसोबत पातळी लिहून ठेवायची. दुसरी, जो बिंदू दोनदा वापरून झाला आहे, तो तिसऱ्यांदा वापरण्याआधी एकदा पुन्हा मोजायचा. यात एक मोजणी वाढते. पाचाच्या सहा झाल्या, तरी त्या तेरापेक्षा कमीच आहेत.

कुठे ही पद्धत लागूच पडत नाही?

एकच तळ ही पद्धतीची मूळ अट आहे. एकाच पाइपलाइनवर दोन पंप असतील आणि ठरावीक प्रवाहानंतर दुसरा आपोआप सुरू होत असेल, तर वक्रात मध्येच पायरी येते आणि दोन दऱ्या तयार होऊ शकतात. मग शोध एका दरीत उतरतो आणि दुसरीकडे पाहतही नाही. अशा ठिकाणी एका पंपाचा आणि दोन पंपांचा शोध वेगवेगळा करून शेवटी दोन्ही उत्तरं ताडून पाहावी लागतात.

सौरपंपावरही हा प्रयोग असाच करता येत नाही. तिथे ऊन जसं बदलतं तसा मोटारीचा वेग बदलत राहतो. वेग आपण ठरवलेल्या आकड्यावर अर्धा तास टिकला नाही, तर मोजणीला अर्थ उरत नाही.

मग पंप ४० हर्ट्झवरच चालवायचा का?

५० हर्ट्झवर लाख लिटरमागे १४.१२ युनिट लागतात आणि ४० च्या आसपास ११.१७. म्हणजे जवळपास २१ टक्के बचत. पण ४० हर्ट्झवर पाणीही कमी येतं: सेकंदाला २० ऐवजी सुमारे ११ लिटर. आठ तासांच्या विजेत ५० हर्ट्झवर पावणेसहा लाख लिटर पाणी मिळतं, तर ४० वर सव्वातीन लाखांच्या आसपास.

पिकाला दिवसाला तीन लाख लिटर पुरत असतील, तर ४० हर्ट्झ हेच उत्तर. पण उन्हाळ्यात उसाला साडेचार लाख हवे असतील, तर तळ सापडूनही तो वापरता येत नाही. तिथे दरीचा आकार पुन्हा उपयोगी पडतो. तळाच्या उजवीकडे खर्च फक्त वाढतच जातो. म्हणून गरज भागवणारा सगळ्यात कमी वेग हाच त्या दिवसाचा सगळ्यात स्वस्त वेग. आपल्या उदाहरणात आठ तासांत साडेचार लाख लिटर देणारा वेग साधारण ४४.६ हर्ट्झ आहे आणि तिथे लाख लिटरमागे १२.०६ युनिट लागतात. साडेचार लाखांना ५० हर्ट्झवर साडेत्रेसष्ट युनिट लागले असते, इथे साडेचोपन्नच्या आत काम होतं. रोजचे नऊ युनिट वाचतात, आणि पिकाचं पाणी एका थेंबानेही कमी होत नाही.

पाइपलाइन बदलली, पंपाचा इम्पेलर झिजला किंवा बंधाऱ्याचे दरवाजे काढल्यावर नदीची पातळी खाली गेली, की तळाची जागा सरकते. तेव्हा शोध पुन्हा करावा लागतो. मात्र ३० ते ५० पासून सुरुवात करायची गरज नसते. आधीच्या उत्तराच्या दोन्ही बाजूंना चार-चार हर्ट्झ घेतले, तर आठ हर्ट्झचा पट्टा चार मोजण्यांत दोन हर्ट्झच्या आत येतो. शेवटचा सगळ्यात स्वस्त बिंदू पट्ट्याच्या टोकाला चिकटलेला निघाला, तर तळ पट्ट्याबाहेर सरकला आहे असं समजायचं आणि पट्टा त्या बाजूला वाढवायचा.